बोलता चुना

साखर पांढरी होते ती चुन्यामुळे, हे साखर खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. उसाचा रस चरकातून येतो तेव्हा काळपट, गढूळ असतो. त्याला गंधकाची धुरी देतात आणि चुन्याचं पाणी पाजतात. मग सगळा मळ तळाशी बसतो, वर निवळ रस राहतो, आणि त्याची साखर होते. चुना चांगला असेल तर साखर चांगली. चुना मेलेला असेल तर काय होतं, ते मी पाहिलं आहे, आणि ते सांगायलाच बसलो आहे.

मी राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात खरेदी खात्याचा कारकून होतो. माझं अक्षर मोत्यासारखं, हिशेब पक्का आणि डोक्यात राख घालायला मला वेळ लागत नसे. तक्ते करणं हा माझा छंद होता. कुणी म्हणालं की अमकी वस्तू महाग पडते, की मी कागदावर रेघा ओढायला बसायचो. माझ्या तक्त्याला साहेबसुद्धा मान द्यायचे, आणि त्याचा मला नको तेवढा माज होता.

कारखान्याला चुना यायचा मनकर्णाबाईकडून. कारखान्यापासून चार मैलांवर, ओढ्याच्या काठाला तिची भट्टी होती. मनकर्णा जातीची लोणारीण, पिढीजात चुना भाजणारी. उंच, हडकुळी, भुवयांचे केस जळून गेलेले, हातांना कायमच्या भेगा. दर दिवसाआड तिची बैलगाडी कारखान्याच्या दारात उभी राहायची आणि ती स्वतः जू धरून खाली उतरायची. बोलायची कमी. पण भट्टीपाशी उभी असली की तिचे ओठ हलत असायचे.

भट्टी म्हणजे दोन पुरुष उंचीचा दगडी बुरूज. वरून कंकर, म्हणजे चुनखडीचे गोटे, आणि कोळसा यांचे एकाआड एक थर टाकायचे, खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढून काढायचा. चुन्याचे हे भाजलेले खडे म्हणजे कळी. ती केव्हा काढायची हे मनकर्णाबाई डोळ्यांनी ठरवत नसे. भट्टीच्या भिंतीला फडकं लावून त्यावर कान टेकायची आणि डोळे मिटायची. थोड्या वेळाने म्हणायची, "झालं. वढा आता."

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा विचारलं, "काय ऐकता हो बाई?"

"धनी सांगतो," ती म्हणाली. जशी एखादी बाई म्हणेल, नवरा शेतावर गेलाय.

तिचा नवरा पुंजाराम मरून तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो मेला त्या भट्टीवरच. माघातली थंडी होती, भट्टीच्या माथ्यावर ऊब असते म्हणून घोंगडी टाकून आडवा झाला. चुनाभट्टीच्या तोंडातून जो वायू निघतो त्याला ना रंग ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. सकाळी मनकर्णाबाई भाकरी घेऊन गेली तर पुंजाराम तसाच पडलेला, गाल चांगले लालबुंद, जसा काही आताच कुणी चेष्टा केल्यामुळे लाजला असावा. त्या दिवसापासून तिनं भट्टी एकदाही विझू दिली नाही. हंगामात कारखान्याचा चुना, आणि पावसाळ्यात कारखान्याच्याच पैशातून कोळसा घेऊन भट्टी अर्धपोटी का होईना पेटती. "आग हाय तवर त्यो हाय," एवढंच तिचं म्हणणं होतं. मी हसलो होतो. मनातल्या मनात, पण हसलो होतो.

आमच्या चुना-गोदामाचे स्टोअरकीपर लालमहंमद. सगळे त्यांना लालभाई म्हणत. पांढरी दाढी, पांढरा सदरा आणि त्यावर सदा चुन्याची पांढरी भुकटी, त्यामुळे ते गोदामाच्या भिंतीतून निघाल्यासारखे दिसायचे. चुना पारखायची त्यांची रीत साधी होती. पितळी वाटीत पाणी घ्यायचं, त्यात कळीचा एक खडा सोडायचा आणि तसबीचे मणी ओढायला लागायचे. जिवंत कळी पाणी पिते, तडतडते, फुगते, उकळते आणि फुलून पांढरा लगदा होते. जितक्या लवकर बोलेल तितका चुना ताजा. मनकर्णाबाईची कळी सातव्या मण्याला बोलायची. आधी बारीक चिरचिर, मग कुणीतरी दात खाऊन बोलतंय असा आवाज. बाई दारातून मान तिरपी करून ऐकायची आणि तेवढं झालं की गाडी जुंपायची.

लालभाईंची आणखी एक सवय होती. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याचा एक खडा काचेच्या बरणीत घालून वर मेण ओतायचं आणि फळीवर ठेवायचं. पुढेमागे मालात खोट निघाली तर दाखवायला असावा म्हणून. हवा लागली नाही की कळी वर्षानुवर्षं जिवंत राहते, असं ते म्हणायचे. फळीवर अशा वीसेक बरण्या होत्या. मला तिकडे बघायला आवडत नसे.

चव्वेचाळीस सालच्या दिवाळीच्या सुमाराला मध्य प्रांतातल्या एका चुना कंपनीचं पत्र आलं. त्यांचा चुना डोंगरातल्या अस्सल दगडाचा, दर मणाला एक रुपया नऊ आणे, आमच्या स्टेशनापर्यंत पोच. मनकर्णाबाईचा दर होता दोन रुपये एक आणा. पत्रासोबत नमुना आला होता, झाळून हवाबंद केलेल्या पत्र्याच्या डब्यात. आमच्या प्रयोगशाळेनं तपासला तर शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग चांगला चुना. मनकर्णाबाईच्या कंकराचा बहात्तरच्या वर कधी गेला नव्हता. स्वस्त आणि वर कसदार! मी तर खुर्चीतच उडालो.

त्या नमुन्यातला खडा लालभाईंनी वाटीत सोडला. तिसऱ्या मण्यालाच वाटी उकळायला लागली.

"घ्या," मी म्हणालो, "तुमच्या तसबीनंच पास केला."

लालभाई डब्याकडे बघत होते. "रंगनाथराव, माल पण डब्यातून येनार का?"

"तीन हजार आठशे मण चुना डब्यातून पाठवतात का कुणी? गोणीतून येईल."

"मंग नमुना डब्यातून का?"

"पोस्टात सांडू नये म्हणून, लालभाई! तुमचं आपलं काहीतरीच." आणि मी मोठ्यानं हसलो. ऑफिसातले दोघेतिघेही हसले. लालभाईंनी वाटीतला लगदा ओतून टाकला. त्यांचा तो प्रश्न पुढे कित्येक वर्षं माझ्या कानाशी भुणभुणत राहिला. तेव्हा मात्र मी तक्ता करायला बसलो.

तक्ता सुरेख झाला. दोन रकाने. इकडे एक रुपया नऊ आणे, तिकडे दोन रुपये एक आणा. मणामागे आठ आणे बचत, हंगामाला एकोणीसशे रुपये. लढाईचे दिवस, प्रत्येक वस्तू महागलेली, आणि मी एका कागदावर एकोणीसशे रुपये वाचवले होते. मॅनेजर साहेबांनी तिथंच सही केली. कंपनीची अट होती की पूर्ण हंगामाचा करार करायचा, आणि माल गाडीत भरला की रेल्वेची पावती बँकेतून पैसे भरून सोडवायची. म्हणजे माल बघायच्या आधी पैसे. तीही आम्ही मान्य केली. अस्सल माल होता ना!

मनकर्णाबाईला सांगायला मी स्वतः गेलो. कार्तिकातली दुपार होती. ती भट्टीपाशी बसून कंकर फोडत होती.

"मार्गशीर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांपर्यंतच चुना घालायचा. पुढं लागणार नाही," मी सांगितलं.

तिचा हातोडा थांबला. "लागनार न्हाई म्हंजी? रसात माती घालनार का?"

"लांबून स्वस्त येतोय."

"किती लांबून?"

मी सांगितलं. तिला त्या गावाचं नाव माहीत नव्हतं. ती उठली, भट्टीच्या भिंतीवर तळहात ठेवला. "भाऊसाहेब, दर कमी करायचा तर करते की. येक रुपाय चवदा आनं करा. त्याच्या खाली कोळसा निघत न्हाई. पर आग इझवायला लावू नका. येकडाव गार झाली की आतला दगूड फुटतो. आन त्यो आत हाय."

"करार झालाय, बाई."

"मंग धन्याला तुमीच सांगा," ती म्हणाली आणि बाजूला सरकली. खरोखर जागा करून दिली तिनं, मी भिंतीला कान लावावा म्हणून.

मी काही कान लावला नाही. छत्री उचलली आणि निघालो. पाठीमागून भट्टीच्या आतून धप्प असा एक थर खाली बसल्याचा आवाज आला. ते तसं होतंच, जळालेला कोळसा खाली दबतो. तरी मी ओढा ओलांडेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

तिची शेवटची गाडी आली त्या दिवशी लालभाईंनी तिच्यातली एक कळी बरणीत घालून वर मेण ओतलं. बरणीवर तिचं नाव लिहिलं. मनकर्णाबाई शेजारीच उभी होती. "नीट ठिवा," ती म्हणाली. "त्यात धनी शेवटचा हाय."

दुसऱ्याच दिवशी स्टेशनवरून तार आली. चुन्याच्या दोन वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, आल्या होत्या. कबूल केले होते आठ दिवस, लागले सव्वीस. लढाईत सगळी रेल्वे फौजेच्या मालाला, आमचा चुना कुठल्या कुठल्या यार्डात उभा होता कोण जाणे. वरून अवकाळी पाऊस झाला होता आणि ताडपत्री फाटकी होती. आमच्या सगळ्या गाड्या उसाच्या वाहतुकीवर. वाघिणी रिकाम्या व्हायला तीन दिवस जास्त लागले आणि रेल्वेनं त्याचा दंड लावला. स्टेशनपासून आठ मैल गाडीभाडं वेगळं. माझ्या तक्त्यात यातलं काही नव्हतं.

पहिली वाघीण उघडली तेव्हा हमालांचा मुकादम बन्सी दोन पावलं मागं सरला. भर थंडीत आतून गरम वारा आला. गोण्या फुगलेल्या होत्या, काही शिवणीवर उसवलेल्या. लाकडी फळ्यांना हात लावला तर भाजत होतं. तळाशी पांढऱ्या भुकटीचा घोटाभर थर.

"भाऊसाहेब, आत कुनी हुतं का?" बन्सीनं विचारलं.

"कुणी कशाला असेल? चुना आहे तो. ओल लागली की तापतो."

"न्हाई, ते बघा." भुकटीवर खळगे होते, एकामागे एक, पावलांसारखे. उसवलेल्या गोणीतून खडे घरंगळून पडले असणार आणि तिथंच फुलून विरले असणार. मी बन्सीला तसं सांगितलं. खळगे दारापर्यंत आले होते, हे मात्र मी बोललो नाही.

लालभाईंनी गोणीतला खडा वाटीत सोडला आणि मणी ओढू लागले. तीन झाले. सात झाले. तेहतीस झाले. आम्ही सगळे वाटीकडे बघत होतो. नव्व्याण्णव मणी संपले. खडा पाण्यात नुसता बसून होता.

"मेलाय," लालभाई हळूच म्हणाले.

सगळा तसा नव्हता. प्रयोगशाळेनं दहा गोण्यांतला काढून तपासला तर सरासरी शंभरात साठ. पण गोदामात पडून राहील तसा तो रोज आणखी मरत होता. चुन्याचं असं असतं. हवेतली ओल पितो आणि विरतो, मग हवाच पिऊन पुन्हा दगड होतो. आपण त्याला दगडातून भाजून काढतो आणि तो गोणीत बसून गुपचूप परत दगड व्हायला लागतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मनकर्णाबाईचा चुना दिवसाआड ताजा येत होता, म्हणून त्याचा विचार करायची कधी वेळच आली नव्हती.

मग गोदामाचे आवाज सुरू झाले. भर दुपारी, ऊन तापलेलं असताना. आधी एखादा सुस्कारा. मग कुठंतरी शिवण उसवल्याचा टर्र आवाज आणि भुकटी ओघळल्याची लांबलचक सळसळ. गोण्यांच्या थप्पीला हात लावला तर आजारी माणसाच्या अंगासारखी ऊब. एक थप्पी तर हळूहळू फुगत गेली आणि तिनं पत्र्याची भिंत बाहेर ढकलली. हमाल म्हणू लागले, गोदाम श्वास घेतंय. बन्सी म्हणाला, "आमी आत जानार न्हाई. आत मानसं हायती." मी त्याच्यावर खेकसलो, मूर्ख म्हणालो, आणि त्याला दाखवायला म्हणून एकटाच आत गेलो. थप्प्यांच्या मधल्या बोळात उभा राहिलो. चारी बाजूंनी बारीक चिरचिर चालली होती, जसं कुणीतरी सुरुवात करू पाहतंय आणि शब्द फुटत नाही. मी तिथं कितीसा उभा होतो? लालभाईंच्या मण्यांनी वीसेक. बाहेर आलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

तिकडे रस निवळेना. चुना दीडपट घालावा लागायचा, त्यातले न विरलेले खडे नळीत अडकायचे, टाक्या धुवायला माणसं जास्त. साखर पिवळट निघाली आणि सरकारनं प्रतीप्रमाणे भाव बांधून दिलेले, म्हणजे पोत्यामागे पैसे कमी. दीड महिना पुरावा असा माल भराभर संपू लागला. तिसरी वाघीण कुठं होती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तारांवर तारा केल्या. उत्तर एकच, निघाली आहे.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात चुना संपला आणि कारखाना थांबला. बाहेर गव्हाणीपाशी, ऊस आत टाकतात तिथं, उसाच्या तीनशे गाड्या उभ्या. तोडलेला ऊस उन्हात सुकत होता, टाकीतला रस आंबायला लागला होता, त्याचा वास गावापर्यंत जात होता. चालता कारखाना बंद पडला की जी शांतता होते ती फार वाईट असते. कान कशाची तरी वाट बघत राहतात.

त्या शांततेत मी नवा तक्ता केला. या वेळी एकटा नाही केला. लालभाईंना शेजारी बसवलं. मणाचे पंचवीस आणे. गाडीभाडं तीन. रेल्वेचा दंड आणि जादा हमाली एक. झाले एकोणतीस. दहा मणांतला एक मण सांडला, म्हणून हातात आलेला मण बत्तीस आण्यांना. आणि वापरताना त्यातला जिवंत चुना शंभरात अठ्ठेचाळीस. म्हणजे जिवंत चुन्याचा मण पडला चार रुपये तीन आण्यांना. मनकर्णाबाईचा दारात पोचलेला मण तेहतीस आण्यांचा, त्यात जिवंत बहात्तर. म्हणजे दोन रुपये चौदा आणे. अडकलेल्या पैशाचं व्याज, पिवळ्या साखरेचा तोटा आणि कारखाना बंद पडल्याचा रोजचा खर्च अजून धरायचाच होता.

"हे आधी का नाही सुचलं?" मी म्हणालो.

"आधी तुमी दर इचारला," लालभाई म्हणाले. "हापिसात कुनी इचारलं न्हाई, की पोचल तवा त्यात किती जीव असल."

साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "त्या बाईला म्हणावं भट्टी पेटव. अडीच रुपये देऊ. तीन देऊ."

मी आणि लालभाई भर दुपारी टांग्यानं निघालो. ओढा ओलांडला तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भट्टीवर जी हवा कायम हलायची, ती हलत नव्हती. माथ्यावर कावळा बसला होता. भट्टीला वरपासून खालपर्यंत हाताचा पंजा जाईल एवढी भेग पडली होती. मनकर्णाबाई भट्टीला पाठ लावून बसली होती. शेजारी गाठोडं बांधलेलं.

मी सगळं भराभरा सांगितलं. तीन रुपये म्हणालो. आगाऊ देतो म्हणालो. पावसाळ्यातही चुना घेऊ, तसं लिहून देऊ, म्हणालो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "धा दीस लागतील पेटायला. आन भेग बुजवायला म्हैना. तवर तुमचा ऊस ऱ्हाईल का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग?"

 लालभाई खाली बसले, तिच्या समोर, मातीत. "मनकर्णाबाई, आमचं चुकलं," ते म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती मला तोंडानं म्हणता येत नव्हती.

त्याऐवजी मी वेड्यासारखं एक केलं. भट्टीपाशी गेलो आणि भिंतीला कान लावला. दगड बाहेरून उन्हानं तापलेला आणि आतून गार. आधी काही नाही. मग आत, खोलवर, टक् असा आवाज झाला. थांबून पुन्हा टक्. उन्हानं दगड ताणतात, महिनाभर थंड पडलेली भट्टी दिवसा अशी वाजत असणार. मला हे कळत होतं. तरी मी मणी मोजल्यासारखे ते आवाज मोजत राहिलो आणि सातव्यानंतर आवाज थांबला.

"कुनी न्हाई आता तिथं," मनकर्णाबाई मागून म्हणाली. "मी बी लई दीस ऐकलं."

तिनं गाठोडं उचललं. खर्ड्याला तिची लेक दिली होती, तिकडे चालली होती. गाडी आणि बैल तिनं आधीच विकले होते. मी टांगा देऊ केला. ती नको म्हणाली आणि ओढ्याच्या काठाकाठानं चालत गेली. लालभाई ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मी टांग्यात बसून होतो.

कारखाना नऊ दिवस बंद राहिला. शेवटी नगरहून मोटारट्रकनं सव्वातीन रुपये मणानं चुना आणला. पुढच्या हंगामापासून साहेबांनी माझा दुसरा तक्ता छापून घेतला. दर, वाहतूक, दंड, गळती, पोचल्यावरचा कस, माल उशिरा आला तर काय, आणि जवळचा माणूस बंद पडला तर काय, असे सगळे रकाने. त्या तक्त्यावर मला बढती मिळाली. लोक अभिनंदन करायला आले. मी पेढे वाटले, आणि घरी येऊन जेवलो नाही.

लालभाई अठ्ठेचाळीस साली निवृत्त झाले. जाताना फळीवरची एक बरणी माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमची," एवढंच म्हणाले. मनकर्णाबाईची होती. वर्षभर ती माझ्या कपाटात होती. कधी कपाट उघडलं की वाटायचं, बरणीतला खडा आदल्या दिवशी होता तिथं नाही. मी बरणी फिरवून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटायचं.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात मी बरणी रुमालात गुंडाळून सर्व्हिस मोटारीत बसलो. नगर, जामखेड, मग खर्डा. किल्ल्याच्या मागच्या आळीत विचारत विचारत गेलो. मनकर्णाबाई लेकीच्या ओट्यावर बसली होती. भुवया उगवल्या होत्या, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. तिनं मला लगेच ओळखलं.

मी बरणी तिच्या हातात दिली. तिनं ती उन्हात धरली. मग विळ्यानं मेण कोरलं, कळी काढली, आणि लेकीकडून काशाच्या वाटीत पाणी मागवलं.

"बाई, पाण्यात घातली की संपली ती," मी म्हणालो. "ठेवा तशीच."

"कशाला? कोंडून कशाला ठिवू?"

तिनं कळी पाण्यात सोडली. माझ्याकडे तसबी नव्हती, पण मी मोजत होतो. एक. दोन. तीन. चार वर्षं उलटून गेली होती. पाच. सहा.

सातव्याला वाटी बोलली.

चिरचिर झाली, मग तडतड, मग पाणी उकळून वाफेचा लोट आला आणि दात खाऊन बोलल्यासारखा तो जुना आवाज त्या ओट्यावर भरून राहिला. लेक घाबरून आत गेली. मनकर्णाबाईनं मान तिरपी केली, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदमच. आवाज बारीक होत गेला. शेवटचा एक बुडबुडा फुटला आणि वाटीत मऊ पांढरा लगदा राहिला.

मी वाटीवर वाकलो.

"काय म्हणाला?" मी विचारलं. 

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे, धुळीनं भरलेल्या माझ्या वहाणांकडे बघितलं.

"म्हनला, लांबून आलाय. त्याला पानी दे."

तिनं आतून तांब्या आणला. मी ओट्यावर बसून पाणी प्यालो.